तंतूंची दिशा, थरांचा क्रम

कार्बन फायबरचा एक तंतू साधारण सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असतो. इपॉक्सी या चिकट राळेत भिजवलेले असे हजारो तंतू एकाच दिशेने मांडून तयार झालेला थर अवघा ०.१२५ मिलिमीटर जाड असतो. हा थर तंतूंच्या दिशेने ओढला, तर तो सुमारे १,५०० मेगापास्कल ताण सोसतो. तोच आडवा ओढला, तर ५०च्या आसपासच फाटतो, कारण आता भार तंतूंवर नसून त्यांच्यामधल्या इपॉक्सीवर आणि दोघांच्या जोडावर येतो.

नव्वद अंशांचा हा फरक लक्षात तरी येतो. खरा घात लहान कोनात आहे. ओढ तंतूंपासून दहाच अंश कलली, तर थराचा ताठपणा १३५ गिगापास्कलवरून ८०च्याही खाली येतो, कारण तंतूंमधले इपॉक्सी सरकू लागते.

आता अशा थरांनी बनलेले विमानाच्या पंखाचे आवरण पाहू. हवेत पंख वर वाकतो, तेव्हा खालचे आवरण लांबीच्या दिशेने ताणले जाते आणि वरचे दाबले जाते. त्यासाठी शून्य अंशाचे, म्हणजे पंखाच्या लांबीने धावणाऱ्या तंतूंचे थर हवेत. पंखाला पीळही पडतो. ओला कपडा पिळताना त्यावर तिरप्या वळ्या उमटतात, तसाच पिळाचा ताण आवरणात तिरपा धावतो, आणि तो झेलायला अधिक ४५ व उणे ४५ अंशांचे थर लागतात. आडव्या दिशेचे भार थोडे असले, तरी नव्वद अंशांचे थर पूर्ण वगळत नाहीत. कोणत्याही दिशेला निदान दहा टक्के तंतू ठेवण्याचा प्रघात आहे.

उदाहरणादाखल वीस थर घेऊ: दहा शून्याचे, आठ तिरपे, दोन आडवे. अडीच मिलिमीटरच्या या आवरणाचा लांबीच्या दिशेचा ताठपणा हिशेबाने सुमारे ८० गिगापास्कल येतो. ॲल्युमिनियमचा ७० असतो. म्हणजे इतर दिशा सांभाळताना ताठपणातली मोठी आघाडी गेली. उरला तो मुख्यतः वजनातला फायदा, कारण थरांचे हे आवरण तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या जवळजवळ साठ टक्केच वजनाचे असते.

थरांची संख्या ठरली, तरी क्रम उरतोच. वरचे दहा थर खालच्या दहांचे प्रतिबिंब असावे लागतात. इपॉक्सी १८० अंश सेल्सियसला घट्ट होते आणि थंड होताना प्रत्येक थर तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसतो. ही ओढ मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना सारखी नसेल, तर सपाट साच्यातून निघालेला पत्रा वाकडा होतो. एका बाजूचा एकच थर अधिक ४५ऐवजी उणे ४५ला पडला, तर वजन आणि जाडी तंतोतंत बरोबर भरते, पण सपाट टेबलावर ठेवलेल्या पत्र्याचा एक कोपरा उचललेला दिसतो. तीच चूक दोन्ही बाजूंना जोडीने झाली, तर मात्र पत्रा सपाटच राहतो, आणि ती पकडायला प्रत्येक थर लावतानाची नोंदच कामी येते.