क्रीमच्या ‘परफ्युम’मध्ये काय आहे? कंपनीला हे विचारा

ही डबी बघा. मागे घटकांची लांब यादी आहे आणि शेवटाकडे एकच शब्द: ‘परफ्युम’. या एका शब्दामागे कधी दहा, तर कधी पन्नासहून जास्त रसायनं असतात.

हे क्रीम लावायला लागल्यावर काही दिवसांनी माझ्या पापण्या सुजल्या, मानेवर खाजरं लाल पुरळ आलं. मी चिडून कंपनीला ईमेल केला, ‘यात नक्की काय आहे ते सांगा.’ उत्तर आलं, ‘फॉर्म्युला हे आमचं व्यावसायिक गुपित आहे.’ चूक माझीच होती, कारण प्रश्नच असा होता की त्याला हेच उत्तर मिळणार.

प्रमाण गुपित असेल, तर असू दे. मला तर फक्त नावं हवी होती. शिवाय क्रीमची कंपनी बहुधा सुगंध स्वतः बनवतच नाही, तो दुसऱ्या कंपनीकडून विकत घेते. त्या सुगंधासोबत सहसा एक कागद येतो, त्यात ॲलर्जी आणू शकणाऱ्या घटकांची नावं असतात. म्हणजे उत्तर त्यांच्या फायलीत पडलेलं असतं.

म्हणून दुसरा ईमेल असा लिहिला:

‘तुमचं अमुक क्रीम, बॅच नंबर अमुक, मी सहा दिवस रात्री लावलं. चौथ्या दिवशी पापण्या आणि मानेवर पुरळ आलं, फोटो जोडले आहेत. क्रीम बंद केलं आहे. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करणार आहेत. त्यासाठी यातल्या सुगंधी घटकांची नावं कॅस नंबरसह कळवावीत. प्रमाण नको. सुगंध पुरवठादाराचं ॲलर्जन पत्रक दिलंत तरी चालेल. मला देणं शक्य नसेल तर थेट डॉक्टरांना पाठवा. ही माझी त्वचेच्या त्रासाची तक्रार म्हणूनही नोंदवून घ्या.’

कॅस नंबर म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक. तो का? कारण एकाच रसायनाला चार नावं असतात, पण नंबर एकच. लिनालूल म्हणजे 78-70-6, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो. आणि शेवटची ओळ गाळू नका. तक्रार म्हणून नोंद झाली की ईमेल ग्राहक सेवेच्या साचेबंद उत्तरांतून बाहेर पडून सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या माणसापर्यंत जाण्याची शक्यता वाढते.

मला अकरा नावं मिळाली. डॉक्टरांनी त्यातले घटक पाठीवर पट्ट्यांनी लावले, 48 तासांनी पट्ट्या काढल्या. तेव्हा काहीच नव्हतं! खरं उत्तर चौथ्या दिवशीच्या तपासणीत दिसलं, हायड्रॉक्सीसिट्रोनेलालच्या जागी लाल, उंचवटलेला चट्टा. त्वचेची अशी ॲलर्जी उशिरा दिसते, त्यामुळे दुसरी तपासणी चुकवू नका.

एक अडचण मात्र उरते. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या क्रीममध्येही मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. त्यामुळे आता मी पुढची बाजू बघतच नाही, डबी उलटी करते आणि हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल हे एक नाव शोधते. ते नसेल पण ‘परफ्युम’ असेल, तर हाच ईमेल पुन्हा, या वेळी विकत घेण्याआधी.