आठ टक्क्यांत बसणारी पगारवाढ
(नागपुरात एचआर आणि अकाउंट्स विभागांतील मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमधून आलेली तुम्ही मंडळी दरवर्षी एकाच आकड्याशी झगडता. मॅनेजमेंट सांगते, यंदा पगारवाढ एकूण पगाराच्या आठ टक्के, वर एक रुपयाही नाही. आता हे आठ टक्के रेटिंगनुसार वाटायचे. उत्तम काम करणाऱ्याला जास्त, ठीकठाक काम करणाऱ्याला कमी, आणि बेरीज मात्र आठच्या आत. बहुतेक ठिकाणी हे गणित एकाच जागी बिघडते. आज तेवढेच नीट बघू.

एक कल्पित कारखाना घ्या. पगारवाढीस पात्र असे 120 जण, महिन्याचा एकूण ग्रॉस पगार 60 लाख. आठ टक्के म्हणजे महिन्याला 4 लाख 80 हजार. रेटिंग चार प्रकारचे. पाच म्हणजे सर्वोत्तम. या गटात 12 जण. चार मिळालेले 36, तीन मिळालेले 60, आणि दोन मिळालेले 12. दोनवाल्यांना यंदा वाढ नाही, असे ठरले आहे.

आता एचआरमधला माणूस असा हिशेब करतो: पाचवाल्यांना 13 टक्के, चारवाल्यांना 10, तीनवाल्यांना 7. माणसांची टक्केवारी अनुक्रमे 10, 30 आणि 50. गुणाकार करून बेरीज केली की 7.8 येते. आठच्या आत बसले, म्हणून फाइल पुढे जाते. पेरोल चालवल्यावर मात्र बेरीज येते 5 लाख 16 हजार. म्हणजे 8.6 टक्के. महिन्याला 36 हजार, वर्षाला 4 लाख 32 हजार जास्त.

चूक कुठे झाली? वाढ माणसांच्या डोक्यावर पडत नाही, ती पगारावर पडते. या कारखान्यात पाचवाल्या 12 जणांचा मिळून पगार 9 लाख आहे, म्हणजे एकूण पगाराच्या 15 टक्के. चारवाल्यांचा 21 लाख, म्हणजे 35 टक्के. तीनवाल्यांचा 27 लाख, 45 टक्के. दोनवाल्यांचे फक्त 3 लाख. वरच्या रेटिंगमध्ये मॅनेजर आणि सिनियर इंजिनिअर जास्त, खालच्या रेटिंगमध्ये कमी पगाराचे ज्युनियर जास्त. असे चित्र पुष्कळ कंपन्यांत दिसते, कारण वरच्या पदावरच्या माणसाचे रेटिंग देणाराही त्याच्याच वर्तुळातला असतो आणि हात सैल सुटतो. म्हणून डोकी मोजून केलेला हिशेब प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी दिसतो.

यावर उपाय असा: टक्के आधी ठरवायचेच नाहीत. आधी ठरवायचे प्रमाण. तीन रेटिंगला एक धरा. चारवाल्याला त्याच्या 1.4 पट, पाचवाल्याला 1.8 पट, दोनवाल्याला शून्य. हे प्रमाण ठरवणे हा मॅनेजमेंटचा निर्णय. टक्के काढणे हे नुसते अंकगणित. प्रत्येक गटाचा पगार त्याच्या पटीने गुणा. 27 लाख, 29 लाख 40 हजार आणि 16 लाख 20 हजार, बेरीज 72 लाख 60 हजार. बजेटला या बेरजेने भागले की तीन रेटिंगचा दर मिळतो. शीटमध्ये B रकान्यात गटाचा पगार आणि C रकान्यात पट असेल तर:

```
=480000/SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)
```

उत्तर 6.61 टक्के. चारसाठी 9.26, पाचसाठी 11.90. हे दर खालच्या दशांशावर आणा: 6.6, 9.2, 11.9. खर्च येतो 4 लाख 78 हजार 500. दीड हजार हातात राहतात.

हे दीड हजार बघून निश्चिंत होऊ नका. पत्र देताना प्रत्येकाचा नवा पगार पुढच्या शंभरात नेण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. सरासरी माणसामागे पन्नास रुपये धरा. वाढ मिळणारे 108 जण, म्हणजे 5 हजार 400 रुपये. बजेट फुटले. जवळच्या शंभरात आणले तर काही वर जातात, काही खाली येतात आणि फरक बहुतांशी मिटतो.

दुसरी गळती कॅलिब्रेशनमध्ये होते. दर जाहीर झाल्यावर विभागप्रमुख येतात, ‘माझ्या तिघांना तीनचे चार करा’ म्हणतात. त्या तिघांचा पगार मिळून दीड लाख असेल तर 2.6 टक्क्यांचा फरक, म्हणजे 3 हजार 900 रुपये. हातात होते दीड हजार. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी रेटिंग गोठवा, मग दर काढा. बदल करणे भागच असेल तर दर पुन्हा काढा. वरच्या उदाहरणात तिघे वर सरकले की तीनचा दर 6.56 वर येतो, खालच्या दशांशावर आणला की 6.5. एकाला वर नेले की बाकी सगळ्यांच्या ताटातून थोडे जाते. हा आकडा विभागप्रमुखांना मीटिंगमध्येच स्क्रीनवर दाखवावा. मागण्या पुष्कळ कमी होतात.

काही जण यातून पळवाट काढतात आणि प्रत्येक विभागाला त्याचे त्याचे आठ टक्के देऊन टाकतात. बेरीज तर बसते, पण चांगली माणसे जास्त असलेल्या विभागात पाच रेटिंगची किंमत घसरते आणि ढिल्या विभागात वाढते. त्यातून चार माणसांचा स्टोअर्स विभाग असेल तर तिथे वाटपाचे कुठलेच प्रमाण लागू पडत नाही. दर कंपनीभर एकच असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ‘एकूण पगार’ म्हणजे नेमके काय, हे लेखी घ्या. ग्रॉस की सीटीसी? युनियन कराराखालचे कामगार त्यात धरू नका, त्यांची वाढ करारानेच ठरते. नोटीस पीरियडवर असलेल्यांना वगळा. वर्षाच्या मध्यात रुजू झालेल्यांना महिन्यांच्या प्रमाणात वाढ द्यायची असेल, तर वरच्या गणितात त्यांचा पगारही त्याच प्रमाणात धरा. बढत्या आणि पगारातील जुन्या विसंगती दूर करायला वेगळी रक्कम मंजूर करून घ्या. अर्धा टक्का, म्हणजे आपल्या उदाहरणात महिन्याला 30 हजार. ती आठमध्ये मिसळली की दोन्ही हिशेब हातचे जातात.

तारखेचा घोळ याहून महाग पडतो. वाढ 1 जुलैपासून लागू केली तर या आर्थिक वर्षात नऊच महिन्यांचा खर्च, 43 लाख 20 हजार, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या सहा टक्केच. अकाउंट्सवाले म्हणतात दोन टक्के वाचले. पुढच्या एप्रिलपासून मात्र बारा महिन्यांचे 57 लाख 60 हजार पूर्ण लागतात. बजेटच्या कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी नवी वाढ द्यायच्या आधीच बजेटचा एक भाग खाल्लेला असतो.

आणि ग्रॅच्युइटी विसरू नका. ती शेवटच्या वेतनावर, दर वर्षामागे 15/26 अशी मोजली जाते. दहा वर्षे झालेल्या माणसाचे हे वेतन तीन हजारांनी वाढवले, तर मागच्या दहाही वर्षांचा बोजा एकदम जवळपास 17 हजार 300 रुपयांनी वाढतो. हा खर्च पगारवाढीच्या बजेटमध्ये दिसत नाही, ताळेबंदात दिसतो. म्हणून वाढ बेसिकमध्ये किती आणि भत्त्यांत किती जाणार, हे पत्रे छापायच्या आधी अकाउंट्सला कळवा, आणि 120 जणांच्या यादीतली एकेकाची वाढ बेरजून 4 लाख 80 हजारांशी ताडून पाहा.