डोकं कुठे आहे?

नमस्कार, श्रोतेहो. मिडवाइफरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींशी आज बोलायचंय. बाळंतपणाचे टप्पे तुम्हाला पाठ आहेत: पिशवीचं तोंड १० सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिला, बाळ बाहेर येईपर्यंत दुसरा, वार पडेपर्यंत तिसरा. त्यात मी वेळ घालवत नाही. मला सांगायचीय ती माझ्या शिकाऊ दिवसांतली एक दुपार.

दुसऱ्या खेपेची बाई होती. सकाळी ८ वाजता आली तेव्हा तोंड ५ सेंटिमीटर उघडलेलं. पार्टोग्राफवर मी फुली मारली, अलर्ट रेषेवर. ही रेषा ४ सेंटिमीटरपासून तासाला एक सेंटिमीटर चढत जाते, आणि ॲक्शन रेषा तिच्या चार तास उजवीकडे. म्हणजे दुपारी १२ ला माझी फुली ९ वर हवी होती. ती पडली ६ वर. अलर्ट रेषा मागे राहिली. दोन तासांनी पुन्हा आतली तपासणी केली, तरी ६ च. आता ॲक्शन रेषाही ओलांडली होती.

कळा मात्र जोरात होत्या. दहा मिनिटांत चार, प्रत्येक पंचेचाळीस सेकंदांची. आतून तपासताना बाळाचं डोकं बोटांना अगदी खाली लागलं. मी सिस्टरना आनंदाने सांगितलं, "डोकं उतरलंय. ऑक्सिटोसिनची सलाईन लावली की होईल मोकळी."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. हात चोळून गरम केले, बाईच्या पोटावर ठेवले. मग माझा हात धरून तिथेच ठेवला. "सांग, डोकं कुठे आहे?"

ओटीपोटावर डोक्याचे पाचपैकी चार भाग हाताला लागत होते. सकाळीही चारच होते. डोकं तसूभरही खाली सरकलं नव्हतं. बोटांना खाली लागली होती ती डोक्यावरची सूज, कॅपुट. आणि कवटीची हाडं एकमेकांवर अशी चढलेली की बोटाने वेगळी होईनात. मोल्डिंग तीन अधिक.

"अगं, बाई अडलीय," सिस्टर म्हणाल्या. "कळा भरपूर आहेत. वाट नाहीये. अजून जोर लावलास तर पिशवी फाटेल."

तिला लगेच सिझेरियनला नेलं. पिशवीचा खालचा भाग ताणून कागदासारखा पातळ झाला होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बाळ रडलं. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

जाता जाता एक सांगते, विषय थोडा सुटला तरी चालेल. हल्ली खोलीत शिरल्याबरोबर नजर मशीनच्या पडद्याकडे जाते, बाईच्या पोटाला हात लागतो तो सगळ्यात शेवटी. माझ्या मते हे चूक आहे. आणि बाळ झाल्यावर बसून मागच्या वेळा टाकत पार्टोग्राफ भरणं, ही तर नोंदवहीतली खोटी साक्ष.

तर प्रश्नपत्रिकेकडे. आलेख सपाट झाला म्हटलं की ऑक्सिटोसिनचा पर्याय खुणावतो. तिथे थांबा. आधी खालची कळांची ओळ वाचा, मग डोक्याची. कळा दहा मिनिटांत दोन, वीस सेकंदांच्या आतल्या, मोल्डिंग नाही, असं असेल तर कमी पडतोय तो जोर. तिथे ऑक्सिटोसिनचा विचार होतो. कळा जोरदार, डोकं वरच, मोल्डिंग वाढतंय, तर बाई अडलीय. तिथे ऑक्सिटोसिन नाही. पुन्हा सांगते: कळा जोरदार आणि डोकं वरच, तर ऑक्सिटोसिन नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईत हे दुप्पट जपा, कारण पहिलटकरणीची पिशवी अडल्यावर बहुतेक वेळा थकून मंदावते, हिची मात्र फाटेपर्यंत जोर लावत राहते. पोटावर आडवी खाच दिसू लागली, लघवीत रक्त आलं, तर फाटण्याची वेळ जवळ आलीय.

लांबलेल्या बाळंतपणानंतरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, रक्तस्रावाचा. वार पडली, रक्त ५०० मिलिलिटरच्या वर गेलंय. मदतीला हाक मारा आणि हात पुन्हा पोटावरच ठेवा. पिशवी मऊ, भिजल्या कणकेसारखी लागली, तर ती आकसत नाहीये: पिशवी चोळा, ऑक्सिटोसिन द्या, मूत्राशय रिकामं करा, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला आकसू देत नाही. वार पूर्ण आली का, तेही बघा. पण पिशवी दगडासारखी घट्ट आहे आणि तरी लालभडक धार चालूच आहे? मग चोळत बसू नका. चांगला उजेड घ्या आणि फाटलेली जागा शोधा, योनीमार्गात आणि पिशवीच्या तोंडावर.