फोटोखालची ओळ : कमल बस्तीचा एक फोटो घेऊन

नमस्कार मंडळी. गावच्या जत्रेची स्मरणिका असो, शाळेचा वार्षिक अंक असो, फोटोखालच्या मजकुराची गत सगळीकडे सारखीच. आज एकच फोटो घेऊ आणि त्याखालचा मजकूर एका ओळीत आणू.

(पडद्यावर फोटो : दगडी छत, खालून वर बघून काढलेले)

हा बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे तिथल्या जैन मंदिराचा फोटो. मुखमंडपात उभं राहून कॅमेरा सरळ वर धरलाय. छताच्या मधोमध दगडी कमळ खाली उतरलंय, आणि फोटोच्या डाव्या कडेला त्याच्या काही पाकळ्या कापल्या गेल्यात. आता याखाली काय लिहिलंय ते वाचतो.

(पडद्यावर मजकूर)

"आपल्या बेळगावची शान! ऐतिहासिक किल्ल्यातील सुप्रसिद्ध व अतिशय सुंदर अशा प्राचीन जैन मंदिराचे हे मनोहारी दृश्य. १२व्या शतकात रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात बिचिराज याने हे मंदिर उभारले. नेमिनाथांची मूर्ती व ७२ पाकळ्यांचे कमळ पाहण्यासारखे. सहकुटुंब जरूर भेट द्या!"

यात माहिती बरीच आहे. पण वाचणाऱ्याला फोटोत नेमकं काय बघायचं, ते कुठेच नाही. फोटो पहिल्यांदा बघणारा माणूस विचारतो, हे आहे काय? छत आहे की जमीन? दगडात कोरलेलं गोल काहीतरी दिसतं, ते वर आहे की खाली, हे त्याला आपण सांगायला हवं. म्हणून ओळीची सुरुवात "मुखमंडपाचे छत" अशीच करायची.

नेमिनाथांची मूर्ती बस्तीत आहे, पण या फोटोत नाही. वाचणारा ती शोधत बसेल. काढून टाका. मूर्तीचा फोटो वेगळा छापा, तिथे तिचं नाव येईल. "सुंदर", "मनोहारी", "शान" हेही जाऊ द्या, ते फोटो स्वतः दाखवतोय.

"जैन मंदिर" एवढं पुरत नाही. याच किल्ल्यात चिक्की बस्तीही आहे. नुसतं "किल्ल्यातील जैन मंदिर" म्हटलं की दोन्हींपैकी कुठलं ते कळत नाही. बाहेरगावच्या माणसाने उद्या हा फोटो शोधला तर नावावरूनच शोधणार. तेव्हा "कमल बस्ती" हवंच.

आता थोडं थांबून बघू, कारण खरी चूक इथे आहे. "१२वे शतक" असं लिहिलंय. बस्ती उभारली इसवी सन १२०४ मध्ये. १२०१ पासून तेरावं शतक लागतं, म्हणजे लिहिलेलं शतक चुकलंय. ही चूक कशी होते? १२०४ मधला "१२" बघून हात आपोआप "१२वे शतक" लिहून जातो. साल नक्की माहीत असेल तर शतक लिहूच नका, सालच लिहा. आणि ते कशाचं साल, तेही जोडून लिहा. नुसतं "बेळगाव किल्ला, १२०४" असं लिहिलं तर वाचणारा आज दिसणाऱ्या तटबंदीलाही तेच साल लावेल, आणि तटबंदीचं बरंचसं काम तर नंतरच्या राजवटींचं.

७२ पाकळ्यांचं काय करायचं? आकडा बरोबर आहे. मागचे, सध्याचे आणि पुढचे असे चोवीस-चोवीस तीर्थंकर, मिळून ७२. पण आपल्या फोटोत काही पाकळ्या कापल्यात. खाली "७२ पाकळ्या" लिहिलं तर कुणीतरी मोजायला बसेल आणि हिशेब जुळणार नाही. पूर्ण कमळ आलेला फोटो असता तर मी आकडा ठेवला असता. इथे नको.

राहिले रट्ट राजा आणि बिचिराज. ती माहिती मोलाची आहे, म्हणूनच ती लेखात घ्या, जिथे त्यांच्याबद्दल दोन वाक्यं लिहिता येतील.

तर ओळ अशी झाली :

(पडद्यावर)

"बेळगाव किल्ल्यातील कमल बस्ती (इ. स. १२०४) : मुखमंडपाच्या छतातून खाली उतरलेले दगडी कमळ."

आता तपासा. फोटो हाताने झाका आणि फक्त ओळ वाचा. डोळ्यासमोर छत आणि कमळ येतं का? मग ओळ झाका आणि फोटो बघा. ओळीतली दिसणारी प्रत्येक गोष्ट फोटोत सापडते का? साल आणि नाव फोटोत दिसत नाही, म्हणून तेवढं आपण पुरवायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. हाच फोटो रट्ट राजवटीवरच्या लेखात गेला, तर कार्तवीर्याचं नाव ओळीत परत येईल आणि मुखमंडप कदाचित जाईल. जैन शिल्पांवरच्या लेखात पाकळ्यांवरचे तीर्थंकर पुढे येतील. त्यामुळे एकदा लिहिलेली ओळ दुसऱ्या अंकात जशीच्या तशी चिकटवू नका, शेजारचा लेख आधी वाचा. आणि फोटो काढणाऱ्याचं नाव या ओळीत कोंबू नका. ते खाली, बारीक अक्षरात, स्वतंत्र द्या.