फिलिप्स वक्र टिकत का नाही?
(नागपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

१९५८ साली ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातील आकडेवारीवरून दाखवले की, बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरीचे दर वेगाने वाढतात. हे नाते दाखवणारी रेषा म्हणजेच फिलिप्स वक्र. थोडी महागाई सोसली की बेरोजगारी कायमची खाली आणता येते, असा अर्थ पुढे अनेकांनी त्यातून काढला. फिलिप्स यांनी तो सौदा मांडला नव्हता, हे आधी नोंदवतो.

आपल्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. सर्वांना २ टक्के महागाईची अपेक्षा आहे, म्हणून वर्षभराची पगारवाढही तेवढीच ठरली. प्रत्यक्षात सरकारने मागणी वाढवली आणि किमती ३ टक्क्यांनी चढल्या. मालकाच्या दृष्टीने मजूर स्वस्त झाला, म्हणून त्याने आणखी माणसे घेतली, आणि देशभर असेच घडून बेरोजगारी ५ टक्क्यांवरून ४ वर आली. मात्र कामगाराला किराण्याच्या बिलावरून कळते की पगार वाढूनही तो मागेच पडला आहे. पुढच्या करारात तो ३ टक्के मागतो आणि मालकाचा फायदा संपतो. बेरोजगारी ४ वरच ठेवायची तर आता महागाई ४ टक्के हवी, त्याच्या पुढच्या वर्षी ५. म्हणजे रोजगार वाढतो तो महागाईमुळे नव्हे, तर अनपेक्षित महागाईमुळे. आणि माणसे दरवर्षी त्याच फसगतीत सापडत नाहीत.

तिसऱ्या वर्षानंतर सरकारने हात आखडला तर काय होईल? बेरोजगारी पुन्हा ५ वर जाईल, पण महागाई २ वर परतणार नाही. ५ टक्क्यांची अपेक्षा रुजलेली असल्यामुळे ती तिथेच राहील. ती उतरवायची तर, याच हिशेबाने, तीन वर्षे ६ टक्के बेरोजगारी सोसावी लागेल.

मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९६७-६८ च्या सुमारास हेच सांगितले होते. अमेरिकेत १९६९ साली बेरोजगारी ३.५ टक्के होती. १९७० साली ती सुमारे ५ झाली, तरी महागाई साडेपाच टक्क्यांच्या आसपासच राहिली. महागाई आणि बेरोजगारी एकत्र वाढल्याचा सगळा दोष तेलावर ढकलणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तेलाचे संकट १९७३ चे आहे.

उदाहरणातली ५ टक्क्यांची ‘नैसर्गिक’ पातळी, म्हणजे अपेक्षा आणि महागाई जुळल्यावर बेरोजगारी जिथे परतते ती, मी गृहीत धरली. प्रत्यक्षात ती कुणालाच थेट मोजता येत नाही, ती काळानुसार सरकते आणि धोरणकर्त्यांची चूक बहुधा तिथेच होते. शिवाय मध्यवर्ती बँकेच्या उद्दिष्टावर लोकांचा विश्वास असेल, तर एका वर्षाच्या भाववाढीने अपेक्षा लगेच हलत नाहीत आणि वक्र बराच काळ स्थिर भासतो. ती स्थिरता पाहून पुन्हा जुना सौदा करायला गेले, की ज्या विश्वासावर ती उभी असते तोच विश्वास खर्ची पडू लागतो.