खुणा येतात, मग मी दुभाषी का नाही?

(कर्णबधिर मुलांचे पालक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आज दारातच एका ताईंनी मला अडवलं. म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. पंचवीस वर्षं मीच त्याच्याशी बोलते, डॉक्टरकडे मीच जाते, बँकेत मीच जाते. मला वेगळं प्रमाणपत्र कशाला?" त्यांच्या मागे एका विशेष शाळेतल्या बाई उभ्या होत्या. त्यांचा प्रश्न थोडा वेगळा होता. पोलीस ठाण्यातून शाळेला पत्र आलं होतं, एका मुलीचा जबाब घ्यायचा आहे, सांकेतिक भाषा जाणणारी शिक्षिका पाठवा. बाईंना जावं की न जावं तेच कळेना.

आधी ताईंबद्दल बोलते. त्यांच्यासारखी एक मुलगी माझ्याकडे सरावाला यायची. पहिल्याच दिवशी मी तिची चाचणी घेतली, तिपाईवर मोबाईल लावून सगळं टिपलं आणि नंतर एका बहिऱ्या सहकाऱ्यासोबत बसून पाहिलं. त्या चाचणीत काय झालं ते सविस्तर सांगते, कारण "परीक्षेत काय विचारतात" याचं उत्तर त्यातच आहे. प्रत्यक्ष परीक्षेचा आराखडा त्या त्या वर्षीच्या सूचनेत बघायचा. पण दुभाष्याचं कौशल्य तपासायचं म्हटलं की तीन गोष्टी बघाव्याच लागतात: खुणांमधून आवाजात, आवाजातून खुणांमध्ये, आणि प्रसंग आल्यावर तुम्ही काय करता.

पहिला भाग. माझ्या सहकाऱ्याने बँकेतला एक किस्सा सांगितला. मशीनमध्ये कार्ड अडकलं, हा काउंटरवर गेला, कारकुनाने अर्ज दिला, याने भरून परत दिला. मुलीने तो मराठीत बोलून दाखवायचा होता. आता भारतीय सांकेतिक भाषेत एकदा कारकून डाव्या बाजूला बसवला की पुन्हा त्याचं नाव घ्यावं लागत नाही. 'देणे' ही खूण डावीकडून स्वतःकडे आली की कारकुनाने दिलं, स्वतःकडून डावीकडे गेली की मी दिलं. मुलीने दोन्ही वेळा "मी अर्ज दिला" असंच म्हटलं. घरी भाऊ दरवेळी माणसाकडे बोट दाखवतो किंवा नाव सांगतो, त्यामुळे हाताची दिशा वाचायची तिला कधी वेळच आली नव्हती. शिवाय पाठीवर थाप मारली की 'कोल्हापूरचा मामा' ही खूण फक्त त्यांच्या घरात चालते. अशा घरगुती खुणांवर वाढलेल्या माणसाला अनोळखी बहिऱ्या माणसाचं बोलणं उलगडणंच सगळ्यात जड जातं. हात हलवता येतात, वाचता येत नाहीत. भाषा येते की फक्त भाऊ समजतो, हे ओळखायची खूणही हीच: ज्याला तुम्ही कधी भेटला नाही अशा बहिऱ्या माणसासमोर पाच मिनिटं बसून बघा.

दुसरा भाग उलट दिशेचा. मी डॉक्टरच्या भूमिकेत बोलले, "ही गोळी सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. ताप उतरला तरी बंद करायची नाही." मुलीने केलं ते असं: ताप – उतरला – गोळी – बंद – नाही. शब्दांच्या क्रमाला माझी हरकत नव्हती. आपल्याकडे नकाराची आणि 'काय', 'कुठे' यांसारख्या प्रश्नांची खूण बहुधा वाक्याच्या शेवटीच येते. चूक चेहऱ्यात होती. 'तरी' हा शब्द हाताने दाखवायचाच नसतो. तो भुवया, मान आणि मधला छोटासा थांबा यांतून दाखवावा लागतो. तिचा चेहरा कोरा राहिला. शेवटचा 'नाही'ही घाईत, मान न हलवता उरकला. सहकाऱ्याला विचारलं, काय समजलं? तो म्हणाला, ताप गेला, गोळी बंद. परीक्षक एखाद्या शब्दाची खूण येत नाही म्हणून फार गुण कापत नाही, तुम्ही अक्षरं जुळवून वेळ निभावू शकता. अर्थ उलटला तर मात्र कापतो.

तिसऱ्या भागात मी रुग्णाला विचारलं, "दारू घेता का?" सहकाऱ्याने 'नाही' म्हटलं. मी मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं, हा तुझा भाऊ समज. तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही म्हणतोय, पण कधीतरी घेतो." हसू नका, इथल्या निम्म्या लोकांनी हेच केलं असतं. दुभाष्याने तिथे "नाही" एवढंच म्हणायचं. "तो म्हणतो" असंही नाही. बहिरा माणूस 'मी' म्हणतो तेव्हा दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. जे सांगितलं गेलं तेच पोचवायचं, त्यात भर नाही, गाळणं नाही, सल्ला नाही, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. बहिणीला ते करणं अवघड आहे, कारण तिला खरंच माहीत असतं. म्हणून नात्यातल्या माणसासाठी दुभाष्याचं काम करू नये असं आम्ही आपसात म्हणतो. ती मुलगी दुसऱ्या कुणासाठी उत्तम दुभाषी होऊ शकते, भावासाठी नाही.

आता प्रमाणपत्राकडे येते. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, 2015 साली स्थापन झालेलं. या केंद्राची कौशल्य परीक्षा आहे, बहिऱ्या आईवडिलांची ऐकू येणारी मुलं आणि बहिऱ्या भावंडांची ऐकू येणारी भावंडं यांच्यासाठी. इंग्रजीत त्यांना 'कोडा' आणि 'सोडा' म्हणतात. ताई, तुमचं दार हे. घरात शिकलेलं कौशल्य तपासून मान्य करणं हा त्यामागचा विचार आहे. पण परीक्षेला बसण्याआधी वर्षभर तरी बहिऱ्या मंडळींच्या संस्थेत, क्लबात जाऊन बसा. घरगुती खुणा आणि समाजात रुळलेल्या खुणा यांतलं अंतर तिथेच कळतं. बहिऱ्या मुलाची आई मात्र या दोन्ही शब्दांत बसत नाही, हेही आजच सांगते. त्यामुळे आईने अर्ज भरण्याआधी सूचनेतली पात्रता शब्दन् शब्द वाचावी.

दुसरं दार म्हणजे दुभाष्याची पदविका, डीआयएसएलआय. बारावीनंतरचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. पूर्वी एका वर्षाचा होता, आता दोन वर्षांचा झाला आहे. दिल्लीच्या केंद्रात चालतो, आणि आपल्याकडे वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत. नोकरी सांभाळून, रविवारच्या रविवार हा होत नाही. कुणी तशी सोय देत असेल तर तिथेच सावध व्हा.

इथे शिक्षकांची एक हमखास फसगत होते. यादीत दोन पदविका शेजारी शेजारी दिसतात. एक डीआयएसएलआय, दुसरी डीटीआयएसएल, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका. बाईंना वाटतं, मी शिक्षिका, माझ्यासाठी दुसरी. ती बहिऱ्या उमेदवारांसाठी आहे. भाषा शिकवावी तिच्या मालकांनी, असा त्यामागचा सरळ हिशेब आहे, आणि मला तो पूर्ण पटतो.

मान्यता तपासायची कशी? मान्यता देते भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, 1992 च्या कायद्याने बनलेली. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. एका संस्थेच्या एका अभ्यासक्रमाला ठरावीक मुदतीसाठी मिळते. म्हणून rehabcouncil.nic.in वर संस्थेचं नाव दिसलं की थांबू नका. त्या नावापुढे डीआयएसएलआय आहे का आणि मुदत चालू वर्षापर्यंत आहे का ते बघा. एखाद्या संस्थेला विशेष शिक्षणाच्या पदविकेची मान्यता असते आणि ती त्याच बोर्डाखाली तीन महिन्यांचा 'दुभाषी कोर्स' विकत असते. ट्रस्टची नोंदणी, आयएसओचा शिक्का, भिंतीवरचा मंत्र्यांसोबतचा फोटो, यातलं काहीही मान्यता नव्हे. मी तर फोनवर एकच विचारते: "कोर्स झाल्यावर आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत माझं नाव दुभाषी म्हणून लागेल का? लेखी द्याल?" पलीकडून "आमचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं" असं आलं की मी फोन ठेवते.

ज्या शिक्षकांना दुभाषी व्हायचंच नाही, वर्गात मुलांशी नीट बोलायचं आहे, त्यांनी पदविकेच्या मागे लागू नये. त्याच दिल्लीच्या केंद्राचे पायाभूत वर्ग असतात, ऑनलाइनही असतात, त्यांना पालक, शिक्षक कुणीही बसू शकतं. 10,000 शब्दांचा त्यांचा व्हिडिओ शब्दकोश फुकट आहे. फक्त त्यावरून भाषा शिकायला जाऊ नका. शब्दकोश पाठ करून कुणी मराठी बोलत नाही.

वर्गात दुभाषी ठेवायचा असेल तर त्याला कसं पारखायचं, यासाठी अमेरिकेतली एक पद्धत मला उपयोगी वाटते. ईआयपीए नावाची तिथली चाचणी खास शाळेतल्या दुभाष्यांसाठी आहे. उमेदवार एका ध्वनिचित्रित तासाचं रूपांतर खुणांमध्ये करतो आणि एका बहिऱ्या मुलाच्या खुणांचं आवाजात. गुण शून्य ते पाच. तिथे पास-नापास नसतं, तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते कळतं. आपल्या शाळांनी अशीच दोन चित्रफितींची चाचणी घ्यायला काहीच हरकत नाही. फीत बघायला मात्र एक बहिरा माणूस बसवायचा, मुख्याध्यापकांनी एकट्याने नाही.

आता पोलीस ठाण्याचं पत्र. बाई, तुमची आरसीआय नोंदणी विशेष शिक्षिका म्हणून आहे, दुभाषी म्हणून नाही. तरी तुम्ही जाऊ शकता. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 125 मध्ये बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष घेताना 'दुभाषी किंवा विशेष शिक्षक' असे दोन्ही शब्द आहेत, आणि त्या जबाबाचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. पीडित मूल असेल आणि पॉक्सो लागला असेल तर नियमांप्रमाणे दुभाषी आणि विशेष शिक्षकांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. पात्रता मान्यताप्राप्त विद्यापीठातली किंवा आरसीआयमान्य संस्थेतली लागते. पॉक्सोच्या कलम 38 मध्ये मुलाच्या संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीचीही मदत न्यायालय घेऊ शकतं. ज्या मुलीकडे फक्त घरगुती खुणा आहेत, तिच्यासाठी घरचं माणूस किंवा रोजची शिक्षिकाच उपयोगी पडते.

म्हणून जाण्याआधी एवढं करा. मुलगी तुमच्या वर्गातली आहे का, तिच्या खुणा तुम्हाला किती समजतात, हे तपास अधिकाऱ्याला स्पष्ट सांगा. चित्रीकरणात तिचे हात, तुमचा चेहरा आणि प्रश्न विचारणारा, तिघंही एका चौकटीत दिसतील असं बसा. तिची एखादी खूण कळली नाही तर "ही खूण मला कळली नाही" असं मोठ्याने म्हणा, म्हणजे ते फितीत येईल. अंदाजाने भरून काढलेला एक शब्द उलटतपासणीत सापडला की वकील पूर्ण जबाबावर बोट ठेवतो. आणि खुणा तुम्हाला निम्म्याच समजत असतील, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला नोंदवहीतला दुभाषी मागायला सांगा आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसा.