माहुलची खिडकी

प्रदूषण सर्वांना सारखेच भोगावे लागते, हवा कोणाला विचारून वाहत नाही, असे आपण सहज बोलून जातो. पर्यावरणीय न्यायाच्या अभ्यासाची सुरुवात हे वाक्य तपासण्यापासूनच झाली. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात 1979 मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी कचराभूमींची पाहणी केली, तेव्हा शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत असल्याचे दिसले. त्यावर लगेच एक आक्षेप आला, आणि तो उथळ नव्हता: कचराभूमी आधी आली की गरीब माणसे? एखादी जागा प्रदूषित झाली म्हणून स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणून गरीब तिथे राहायला गेले, असे असेल तर दोष कोणाचा? आज मी या प्रश्नाचे मुंबईतील एक उत्तर मांडणार आहे. त्यासाठी एकच ठिकाण घेतो, चेंबूरजवळचे माहुल.

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात तिथे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, मग खतांचा कारखाना आला, वीजकेंद्र आले, रसायने साठवण्याच्या टाक्या आल्या. पुढे याच परिसरात प्रकल्पग्रस्तांसाठी 72 इमारती बांधल्या गेल्या. त्यांत 17,205 घरे आहेत, प्रत्येक घर साधारण सव्वादोनशे चौरस फुटांचे. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचा दहा मीटरचा पट्टा मोकळा करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. तो अमलात आणताना विद्याविहार, घाटकोपर आणि अशाच इतर भागांतील झोपड्या पाडण्यात आल्या आणि 2017 पासून तिथल्या कुटुंबांना मोठ्या संख्येने माहुलला पाठवण्यात आले. शहराच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता हे कारण खरे होते आणि योग्यही होते. मात्र त्या सुरक्षिततेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

आता इमारती नेमक्या तिथेच का झाल्या, ते पाहू. प्रकल्पग्रस्तांची घरे बांधणाऱ्या विकासकाला त्यांच्या बदल्यात पैसे मिळत नाहीत, हस्तांतरणीय विकास हक्क मिळतात. आपण त्याला टीडीआर म्हणतो. म्हणजे माहुलमध्ये घरे बांधून ती महापालिकेच्या हवाली करायची आणि त्याबदल्यात मिळालेले बांधकामाचे क्षेत्रफळ जास्त भावाच्या उपनगरात वापरायचे किंवा विकायचे. या व्यवहारात नफा कशावर ठरतो? जिथे घरे द्यायची ती जमीन जितकी स्वस्त आणि जिथे हक्क वापरायचा ती जितकी महाग, तितका फरक पदरात पडतो. रिफायनरीला लागून असलेल्या जमिनीला खुल्या बाजारात गिऱ्हाईक कमी, म्हणून ती स्वस्त. कोणी दुष्ट हेतूने नकाशावर बोट ठेवले असेल असे मला वाटत नाही, आणि तसे मानण्याची गरजही नाही. नियम जसे लिहिले आहेत तसे पाळले, तरी सर्वांत गरीब माणूस सर्वांत वाईट हवेच्या दारात जाऊन पोहोचतो. आधी कोण आले, या ह्यूस्टनच्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट आहे: प्रदूषण आधी होते आणि माणसे नंतर आणली गेली. ती स्वतःहून स्वस्त घर शोधत आलेली नव्हती, त्यांच्या हातात वाटपाचे पत्र होते.

आणि हे अजाणतेपणी घडले असेही म्हणता येत नाही. माहुल आणि आंबापाडा या जुन्या वस्त्यांत 2013 मध्ये केईएम रुग्णालयाने पाहणी केली होती. तीत 67.1 टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा दम लागत असल्याचे सांगितले. अशा पाहणीची मर्यादाही सांगायला हवी: माणूस आपला त्रास स्वतः सांगतो, तो त्रास नेमका कोणत्या टाकीमुळे किंवा धुरांड्यामुळे होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. पण लोकांना राहायला पाठवण्यापूर्वी सावध होण्यास एवढी माहिती पुरेशी होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही डिसेंबर 2015 मध्येच तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले होते. पाडकामानंतरची मोठी रवानगी त्यानंतरची आहे.

या इमारतींतल्या एका घरात मी एप्रिलमधल्या एका रात्री बसलो होतो. दुसरा मजला, एकच खोली, स्वयंपाकाचा ओटा त्यातच, आणि हवा येण्याजोगी खिडकी एकच. समोरची इमारत इतकी जवळ की त्यांच्या दोरीवरचे कपडे ओले आहेत की वाळले ते इथून कळावे. घरातल्या ताई पूर्वी विद्याविहारला चार घरी धुणीभांडी करत. इथे आल्यावर जाण्यायेण्यात वेळ आणि भाडे इतके जाऊ लागले की त्यांतली दोन घरे सोडावी लागली. साडेदहाच्या सुमारास त्या उठल्या, त्यांनी खिडकी लावून घेतली आणि फटीत ओला पंचा खोचला. वास मला दोन-तीन मिनिटांनी जाणवला, त्यांना आधीच कळला होता. गोडसर, रंगाच्या दुकानात येतो तसा. तासाभरात खोलीतला उकाडा असह्य झाला आणि धाकटा मुलगा रडत उठला, तेव्हा त्यांनी खिडकी पुन्हा उघडली. रात्रभर हेच चालते, असे त्या म्हणाल्या.

व्याख्यानाचा उरलेला वेळ मी या खिडकीलाच देणार आहे, कारण प्रदूषण आणि हवामानबदल हे दोन वेगळे विषय त्या चौकटीत एकत्र येतात.

आधी वासाबद्दल. बेंझिन, टोल्युइन यांसारखी सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायने टाकीत साठवताना, टँकरमध्ये भरताना आणि उतरवताना वाफ होऊन बाहेर पडतात. रिकाम्या टँकरमध्ये द्रव भरला की आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती पकडून परत घेणारी यंत्रणा नसेल किंवा नीट चालत नसेल तर ती थेट हवेत जाते. दिवसा खारे वारे जोरात असतात आणि तापलेली हवा वर चढते, त्यामुळे ही वाफ पांगते. रात्री वारा मंदावतो, मतलई वारे क्षीण असतात, जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच थांबते आणि वास वस्तीत रेंगाळतो. म्हणून माहुलची तक्रार बहुतेक वेळा रात्रीची आणि पहाटेची असते.

हा वास सरकारी आकड्यात दिसतो का? आपण मोबाइलवर पाहतो तो हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे: धुळीचे दोन प्रकार, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. त्यात बेंझिन नाही आणि टोल्युइनही नाही. देशाच्या हवेच्या मानकांत बेंझिनला मर्यादा आहे, वर्षाच्या सरासरीने एका घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. पण ती वार्षिक सरासरी आहे. रात्री दोन तास झोंबणारी हवा आणि उरलेले बावीस तास बरी हवा यांची सरासरी काढली की ते दोन तास आकड्यात विरघळून जातात. निर्देशांक मध्यम असल्याचे फोन सांगतो आणि ताई फटीत पंचा खोचतात. दोन्ही खरे असते.

आता उकाड्याबद्दल. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी हवामान विभागाला कमाल तापमान किमान 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असावे लागते. उष्ण रात्रीचा निकषही त्या विभागाकडे आहे, पण दिवसाचे कमाल तापमान 40 अंश किंवा अधिक असेल तरच तो लागू होतो. मुंबईत पारा 40 ला क्वचितच पोहोचतो. म्हणजे ज्या शहरात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, जिथे काँक्रीटच्या भिंती दिवसभराची उष्णता रात्री खोलीत सोडतात, त्या शहरात उष्ण रात्र जवळजवळ कधी जाहीरच होऊ शकत नाही. शिवाय हे तापमान वेधशाळेच्या आवारात मोजलेले असते, दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत नाही.

हे दोन धोके वेगवेगळे मोजले जातात, पण एकमेकांना वाढवतात. तापमान चढले की द्रवाची वाफ अधिक होते, म्हणजे तापत्या उन्हाळ्यात टाक्यांमधून उडणारे रसायनही वाढते, आणि नेमके त्याच काळात खिडकी उघडी ठेवण्याची गरज सर्वाधिक असते. ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे तो खिडकी लावून दोन्हींपासून बराचसा सुटतो. भिंतीवरचे साधे यंत्र खोलीतलीच हवा फिरवत राहते. घरकामाच्या पगारात यंत्र एक वेळ हप्त्याने येईलही, पण दर महिन्याचे विजेचे बिल कोण भरणार? हवामानबदलाचा खर्च कोण सोसतो, हा मोठा प्रश्न या पातळीवर इतका साधा होतो: आज रात्री गुदमरायचे की घामाघूम व्हायचे, हे कोणाला निवडावे लागते?

न्यायालयांत या लोकांनी लढा दिला, तो वाया गेला असे म्हणता येणार नाही. विद्याविहारच्या रस्त्यावर 2018 च्या ऑक्टोबरपासून कुटुंबांनी ठिय्या दिला. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आणि दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत देण्याचे आदेश सरकारला दिले. हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट 2020 मध्ये परिसरातील चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. घरे मात्र उभीच आहेत. महापालिकेने 2025 मध्ये तिथली रिकामी नऊ हजारांहून अधिक घरे आपल्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास देऊ केली. मुंबईत या किमतीत घर मिळत नाही, तरीही अर्ज अगदी थोडे आले. मला हा प्रतिसाद एखाद्या मोजमापाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मग मोजायचे काय? शास्त्राच्या भाषेत संपर्क म्हणजे हवेतले प्रमाण गुणिले त्या हवेत घालवलेला वेळ. प्रमाण मोजायला यंत्र लागते. वेळ मात्र रहिवासी स्वतः नोंदवू शकतात. त्या ताईंना मी एक साधी वही सुचवली होती: खिडकी कधी लावली, कधी उघडली, वास कसा होता, आणि भिंतीवरच्या साध्या तापमापकाचा आकडा. अशा पंचवीस घरांच्या वह्या एकत्र ठेवल्या आणि शेजारी त्या रात्रीच्या वाऱ्याची नोंद आणि टँकर भरण्याच्या वेळा ठेवल्या, तर वार्षिक सरासरीत हरवलेले तास परत सापडतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला नेमक्या त्या तासांत नमुना घ्यायला सांगता येते. पुढच्या भेटीत ताईंनी वही दाखवली. चार रकान्यांच्या पुढे त्यांच्या मोठ्या मुलीने पट्टीने रेघ मारून पाचवा रकाना आखला होता, ‘घरात कोण होतं’, आणि दिवसाच्या प्रत्येक ओळीत तिथे एकच शब्द होता: आजी.